वायरकटचा ऑफसेट : बेरजेतून निघालेला आकडा आणि कॅव्हिटीत मोजलेला आकडा

भोसरीतल्या एका लहान टूलरूममध्ये मी ताणलेल्या बारीक वायरच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या वायरकट मशीनवर उभा राहिलो, तेव्हा ऑफसेट म्हणजे काय हे मला पुस्तकी अर्थाने ठाऊक होते. वायरचा मध्यबिंदू ज्या रेषेवरून जातो ती रेषा आणि धातूत प्रत्यक्ष तयार होणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायरला जाडी असते, शिवाय वायर धातूला कधी टेकत नाही. दोघांच्या मध्ये ठिणगी पडण्यापुरती फट राहते आणि भिंत त्या फटीच्या पलीकडे तयार होते. म्हणून ड्रॉइंगमधल्या रेषेपासून वायरचा मार्ग वायरच्या त्रिज्येइतका आणि स्पार्क गॅपइतका बाजूला सरकवावा लागतो. पोकळ कॅव्हिटी कापायची असेल तर तो आतल्या बाजूला सरकतो, पंच कापायचा असेल तर बाहेरच्या बाजूला. हे मला पाठ होते. जे पाठ नव्हते, ते पहिल्या मोठ्या कामात सुमारे दीड दिवस खर्च करून कळले.

काम पत्र्यातून तुकडे कापणाऱ्या एका ब्लँकिंग डायच्या प्लेटचे होते. डी-टू स्टील, हार्डनिंग होऊन आलेले, जाडी 30 मिलिमीटर. तिच्यात 32 बाय 18 मिलिमीटरची आयताकृती कॅव्हिटी कापायची होती, कोपऱ्यांना 0.5 ची त्रिज्या होती आणि टॉलरन्स अधिक दहा मायक्रॉन, वजा शून्य असा होता. म्हणजे 32 च्या बाजूचे माप 32.000 आणि 32.010 यांच्या दरम्यान कुठेही चालले असते, पण 32.000 च्या खाली नाही. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी प्रोग्रॅमचे माप टॉलरन्सच्या मध्यावर, म्हणजे 32.005 आणि 18.005 असे घ्यायला सांगितले आणि ऑफसेट ठरवायचे काम माझ्यावर सोपवले.

वायर 0.25 ची पितळी होती, तेव्हा त्रिज्या 0.125 हा भाग सोपा होता. स्पार्क गॅप मात्र तक्त्यातून उचलण्यापेक्षा आपल्याच मशीनवर काढायची असे अण्णांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांची एक पद्धत होती. भंगारात पडलेल्या डी-टूच्या तुकड्यात 10 मिलिमीटरचा चौकोन कापायचा, प्रोग्रॅममध्ये ऑफसेट फक्त वायरच्या त्रिज्येइतका, 0.125, ठेवायचा, आणि निघालेली चौकोनी पोकळी मोजायची. स्पार्क गॅप शून्य असती तर पोकळी बरोबर 10.000 निघाली असती. ती जितकी मोठी निघेल त्याचा अर्धा भाग ही एका बाजूची गॅप, कारण पोकळीला दोन भिंती असतात आणि दोन्ही भिंती तितक्याच सरकतात. माझा चौकोन स्लिप गेजने, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे एकमेकांवर रचून, 10.062 भरला. वाढ 0.062, म्हणून गॅप 0.031, आणि ऑफसेट 0.125 अधिक 0.031, म्हणजे 0.156. बेरीज इतकी स्वच्छ होती की मला पुढे काही करायचे उरले आहे असे वाटलेच नाही.

प्लेटचे काम तीन कटांत करायचे होते. पहिला रफ कट, ज्यात मधला गोळा वेगळा होतो, आणि नंतर त्याच भिंतीवरून कमी ऊर्जेचे दोन फिनिश कट. तिन्ही कटांना मी 0.156 हाच ऑफसेट दिला. अण्णांनी आकडे पाहिले, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आधी भंगारावर चालव." रफ कट व्यवस्थित झाला. दुसरा कट सुरू झाल्यावर मशीनचा वेग एकदम वर गेला आणि करंटचा काटा जवळजवळ शून्यावर बसला, तिसऱ्यातही तेच. वायर पाण्यात नुसती फेरी मारून आली. चौकोन मोजला तर माप बरोबर 10.000, आणि भिंतीवरून नख फिरवले तर रफ कटचा खरखरीतपणा जसाच्या तसा.

कारण तसे उघड होते, पण ते मला समोर घडल्यावरच दिसले. रफ कटमध्ये प्रत्येक ठिणगीची ऊर्जा मोठी असते, म्हणून ती 31 मायक्रॉनच्या फटीतून उडी मारून धातू उडवते. फिनिश कटमध्ये ऊर्जा मुद्दाम कमी केलेली असते, त्यामुळे ठिणगीची पोहोचही काही मायक्रॉनवर येते. भिंत 31 मायक्रॉन दूर आणि ठिणगी तिथपर्यंत पोहोचत नाही, मग कापणार काय? म्हणजे स्पार्क गॅप हा वायरचा किंवा मशीनचा स्थिर गुण नाही, तो त्या कटच्या विद्युत सेटिंगचा गुण आहे, आणि जितके कट तितक्या गॅपा, तितके ऑफसेट. बरोबर भरलेले ते 10.000 हे मापही फसवे होते, कारण स्लिप गेज खरखरीत पृष्ठभागाच्या टोकांवर टेकत होते. डाय वापरात आली की ती टोके झिजतात आणि माप वाढते. शिवाय रफ कटने भिंतीवर वितळून पुन्हा थिजलेला ठिसूळ थर राहतो, तो फिनिश कटने काढला नाही तर धारेवर बारीक टवके उडू लागतात.

मग अण्णांनी शेजारी बसून आकडे मांडायला लावले, आणि सुरुवात शेवटच्या कटापासून करायला सांगितली. शेवटचा कटच अंतिम माप देतो, म्हणून त्याच्या ऑफसेटमध्ये फक्त वायरची त्रिज्या आणि त्या कटची गॅप असते. या मशीनवर शेवटच्या सेटिंगची गॅप सात मायक्रॉनच्या आसपास येते हे त्यांना जुन्या कामांवरून माहीत होते, म्हणून 0.132. दुसऱ्या कटची गॅप बारा मायक्रॉन, आणि त्याने तिसऱ्यासाठी दहा मायक्रॉन धातू शिल्लक ठेवायचा, म्हणून 0.125 अधिक 0.012 अधिक 0.010, म्हणजे 0.147. रफ कटची त्रिज्या आणि गॅप मिळून 0.156 आपण काढलेच होते. त्यात नंतरच्या दोन कटांसाठी 44 मायक्रॉन शिल्लक मिळवून 0.200. हा शिल्लक धातू इतका तरी हवा की रफ कटचे खड्डे आणि थिजलेला थर त्यात पूर्ण निघून जावा, आणि इतका जास्त नको की दुसऱ्या कटला तो झेपू नये. आमच्या कंट्रोलवर ते असे लिहिले गेले:

```
H001 = 0.200
H002 = 0.147
H003 = 0.132
G92 X0 Y0
G41 H001
G01 X16.0025 Y0
```

प्रोग्रॅममधली भूमिती तिन्ही कटांना एकच, ड्रॉइंगच्या अंतिम मापाची. बदलतो तो फक्त H चा क्रमांक. कॅव्हिटी आतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरत कापली तर वायर रेषेच्या डावीकडे राहिली पाहिजे, म्हणून G41. परतीचा कट उलट दिशेने घेतला तर तिथे G42 लागतो. इथे डावे-उजवे चुकले तर नुकसान किती होते याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. वायर आत 0.2 सरकण्याऐवजी बाहेर 0.2 सरकते, म्हणजे प्रत्येक भिंत 0.4 ने चुकते आणि दोन भिंती मिळून कॅव्हिटी ऑफसेटच्या चौपट, 0.8 मिलिमीटरने मोठी होते. असा जॉब थेट भंगारात जातो. म्हणून वायर घालण्यापूर्वी स्क्रीनवर मार्ग काढून वायरची रेषा कॅव्हिटीच्या आत दिसते की नाही हे पाहायची सवय मला अण्णांनी पहिल्याच दिवशी लावली होती.

कोपऱ्यांबद्दलही इथेच सांगतो. आतल्या कोपऱ्याची ड्रॉइंगमधली त्रिज्या रफ कटच्या ऑफसेटपेक्षा मोठी असावी लागते, कारण वायरच्या मार्गाची त्रिज्या ड्रॉइंगच्या त्रिज्येतून ऑफसेट वजा करून येते. आमचा कोपरा 0.5 चा, ऑफसेट 0.2, म्हणजे वायरला 0.3 चा वळसा मिळत होता, काही अडचण नव्हती. पुढे एका दुसऱ्या कामात ड्रॉइंगवर 0.15 ची त्रिज्या होती. शेवटच्या कटचा ऑफसेट 0.132 असल्यामुळे अंतिम भूमिती अगदी शक्य होती, पण रफ कटलाच कंट्रोलने अलार्म देऊन काम थांबवले, कारण 0.15 मधून 0.2 वजा जात नाहीत. तिथे रफ कटसाठी मोठ्या त्रिज्येची वेगळी भूमिती द्यावी लागली.

नव्या तीन ऑफसेटांनी भंगाराच्या तुकड्यात पुन्हा चौकोन कापला. या वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या कटात करंटचा काटा हलत राहिला, ठिणगीचा आवाज सलग आणि बारीक येत होता, भिंत मऊ मखमलीसारखी करडी निघाली आणि माप 10.000 भरले. मी लगेच प्लेट चढवली. डायल लावून ती सपाट आणि समांतर केली, वायर उभी आहे याची खात्री केली, स्टार्ट होलमध्ये वायर ओवली. रफ कट संपत आला तेव्हा शेवटचे तीन मिलिमीटर न कापता मशीन थांबवले आणि गोळा चुंबकाने धरून मग तेवढा भाग कापला, कारण सुटलेला गोळा तिरका होऊन वायर तोडतो किंवा खालच्या नोझलवर आपटतो. रफनंतर मोजले तर 32 च्या बाजूला 31.917 यायला हवे होते, कारण 32.005 मधून शिल्लक 44 मायक्रॉनची दुप्पट वजा होते. ते 31.915 आले. रफ कटच्या पृष्ठभागावर दोन मायक्रॉनचा फरक काही सांगत नाही, पण मोठी चूक नाही एवढे त्यातून कळते, आणि मोठी चूक सुधारायला तीच शेवटची वेळ असते.

तिन्ही कट झाल्यावर टाकीतले पाणी सोडले, प्लेट मशीनवर बांधलेलीच ठेवली आणि कॅव्हिटी पुसून कोरडी केली. प्लेट काढून मोजण्याचा मोह होतो, पण एकदा काढली की तीच जागा दोन मायक्रॉनच्या आत परत मिळणे जवळजवळ अशक्य, आणि दुरुस्तीचा कट घ्यायचा तर जागा तीच लागते. मी कपाटातून स्लिप गेज आणले, रचना जोडली आणि आत घालून पाहिली. 32 च्या बाजूला 31.997 ची रचना हलकेच गेली, त्यापुढची गेली नाही. 18 च्या बाजूला 17.999 गेली. प्रोग्रॅमपेक्षा एकीकडे आठ मायक्रॉन कमी, दुसरीकडे सहा. माझा हिशेब तयार होता : आठचे अर्धे चार, कॅव्हिटी मोठी करायची तर ऑफसेट कमी करायचा, म्हणून H003 ला 0.132 ऐवजी 0.128.

अण्णांनी विचारले, "दोन्ही बाजूंना चूक सारखी आहे का रे?" मी म्हणालो, नाही, पण दोनच मायक्रॉनचा फरक आहे. त्यावर त्यांनी जे सांगितले ते मी आजही प्रत्येक कॅव्हिटीला लावून पाहतो. ऑफसेट चुकला असेल तर प्रत्येक भिंत तेवढ्याच अंतराने चुकते, मग बाजू 32 ची असो की 18 ची. दोन्ही मापांतली तूट सारखीच यायला हवी. लांब बाजूला तूट जास्त आणि आखूड बाजूला कमी असेल, तर चुकीचा काही भाग लांबीच्या प्रमाणात आहे, आणि लांबीच्या प्रमाणात चुकते ते तापमान. दिवस मे महिन्याचे होते. टाकीतले पाणी चिलरमुळे 24 अंशांवर आणि शेडमध्ये 34. प्लेट पाण्यातून नुकतीच बाहेर आलेली गार, आणि गेज कपाटातले गरम. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. दहा अंशांच्या फरकाने 32 मिलिमीटरवर पावणेचार मायक्रॉन आणि 18 वर दोन. माझ्या तुटीतला तेवढा भाग कॅव्हिटीत नव्हताच, तो गेजमध्ये होता.

गेज प्लेटवरच, कोरड्या जागी, शेजारी मांडून ठेवले आणि चहा घेऊन पाऊण तासाने परत मोजले. आता 32 च्या बाजूला 32.001 गेले आणि 18 च्या बाजूला 18.001. दोन्हीकडे तूट चार मायक्रॉन, नेमकी सारखी. ही ऑफसेटची चूक, एका भिंतीला दोन मायक्रॉन. आधीच्या मापावर विश्वास ठेवून 0.128 टाकले असते तर कॅव्हिटी 32.009 च्या पुढे गेली असती आणि टॉलरन्सच्या अगदी काठावर येऊन बसली असती.

पण भंगाराच्या तुकड्यात 0.132 बरोबर आला आणि प्लेटमध्ये दोन मायक्रॉन कमी का पडला, हा प्रश्न उरला होता. तुकडा 20 मिलिमीटर जाडीचा होता आणि प्लेट 30 ची. मी जाडीकडे लक्षच दिले नव्हते. फिनिश कटमध्ये भिंत वायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून ठिणग्यांचा दाब वायरला भिंतीपासून दूर ढकलतो. वायर वरच्या आणि खालच्या गाइडमध्ये ताणलेली असली तरी मधे ती थोडी बाकते, आणि गाइडमधले अंतर वाढले की बाक वाढतो. जितकी वायर मागे सरकते तितका धातू कमी कापला जातो आणि कॅव्हिटी लहान येते. म्हणजे ऑफसेटचा जो आकडा आपण त्रिज्या अधिक गॅप म्हणून लिहितो, त्यात हा बाकही लपलेला असतो, आणि तो जाडी, ताण, पाण्याचा दाब यांच्यासोबत बदलतो. बेरजेचा आकडा सुरुवात करायला उपयोगी पडतो. त्यावर अंतिम माप सोडून देता येत नाही. म्हणूनच सुरुवातीचा ऑफसेट थोडा जास्तच ठेवावा असे माझे मत झाले आहे. जास्त ऑफसेटने लहान निघालेली कॅव्हिटी पुन्हा कापता येते, मोठी झालेली भरून काढता येत नाही. पंचाच्या बाबतीतही ऑफसेट जास्तच बरा, कारण तिथे वायर बाहेर सरकते आणि पंच मोठा राहतो.

हिशेबाने H003 आता 0.130 हवा होता. अण्णांनी 0.131 टाकायला लावला. बाकलेल्या वायरने मागे सोडलेला धातू त्याच ऑफसेटने पुन्हा फेरी मारली तरी थोडा निघतो, कारण दुसऱ्या वेळी कापायला कमी असते, दाब कमी पडतो आणि वायर सरळ राहते. म्हणजे नुसत्या फेरीने मिळणारा सुमारे एक मायक्रॉन आणि आपण कमी केलेला एक, असे दोन होतील हा त्यांचा अंदाज होता. टाकी भरली, पाणी पुन्हा 24 अंशांवर स्थिर होऊ दिले आणि फक्त तिसरा कट 0.131 ने चालवला. पाणी सोडून, गेज प्लेटवर ठेवून, या वेळी पूर्ण तासभर थांबून मोजले. 32 च्या बाजूला 32.004, 18 च्या बाजूला 18.004.

हे माप कॅव्हिटीच्या वरच्या तोंडाशी होते. 32.004 ची रचना खाली सरकवत नेली तर शेवटच्या चार-पाच मिलिमीटरवर ती अडली, आणि 32.002 ची मात्र आरपार गेली. वायर वरून खाली जाताना ठिणग्यांनी तिचाही धातू झिजतो, त्यामुळे खालच्या टोकाला ती किंचित बारीक असते आणि तिथे कॅव्हिटी लहान राहते. वायरचा वेग वाढवला तर हा उतार कमी होतो, वायर मात्र जास्त खर्च होते. आमच्या कामात तो त्रासाचा नव्हता, कारण अण्णांनी प्लेट चढवतानाच धारेची बाजू खाली ठेवायला सांगितली होती, तेव्हा का ते मला कळले नव्हते. धारेशी माप 32.002, टॉलरन्सच्या आत, आणि कापलेला तुकडा पुढे जाईल त्या बाजूला कॅव्हिटी रुंद होत गेलेली. प्लेट उलट चढवली असती तर हाच दोन मायक्रॉनचा उतार प्रत्येक तुकड्याला अडवत राहिला असता.

प्लेट काढण्यापूर्वी मी वहीत त्या दिवसाची नोंद केली : 0.25 पितळी वायर, डी-टू हार्ड, 30 मिलिमीटर, तीन कट, 0.200, 0.147, 0.132, आणि त्यापुढे चौथी फेरी 0.131. शेजारी पाण्याचे तापमान आणि मोजण्यापूर्वी किती वेळ थांबलो तेही लिहिले. अण्णांनी वही वाचली आणि वायरच्या ताणाचा आणि पाण्याच्या दाबाचा आकडा लिहायला लावला, मगच बोल्ट सोडू दिले.